तीन तारखा, पण कशाच्या ते नीट लिहा

> शाहू महाराजांच्या तैलचित्राखाली छोटी पाटी लिहायची आहे. तीनच गोष्टी मावतील. कोणत्या घ्याव्यात?

मी असं लिहीन:

"राजर्षी शाहू छत्रपती, कोल्हापूर (१८७४–१९२२). कागलच्या घाटगे घराण्यात जन्म. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या."

'कोल्हापूर' नावालगतच हवं, नाहीतर लोक साताऱ्याचे शाहू समजतात. दत्तकविधान आणि राज्याधिकार यांत दहा वर्षांचं अंतर आहे. '१८८४ पासून राज्य केलं' असं छापलं की दहा वर्षांचा मुलगा कारभार बघत होता असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात तेव्हा त्यांचं शिक्षण चालू होतं.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या वाक्यात होतो. 'अर्ध्या नोकऱ्या राखीव केल्या' हे ऐकायला जोरदार, पण हुकूम पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपुरता होता. आधीच्या नोकरदारांना त्याने काढलं नाही. म्हणून 'रिकाम्या होणाऱ्या' हे शब्द जागेअभावीही गाळू नका. त्यापेक्षा कागल गाळा.