बिल डिस्काउंटिंग की सीसी: सगळी फी धरून वर्षाला खरा खर्च किती?

टॉवेल_अक्कलकोटरोड
एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बँकेची ४० लाखांची कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी आहे, व्याज ११ टक्के. आता एक फायनान्स कंपनी म्हणते, बिलं आमच्याकडे डिस्काउंट करा. दर १४ टक्के, बिलाच्या ८५ टक्के रक्कम दुसऱ्या दिवशी खात्यात, फी बिलावर अर्धा टक्का. माझा मोठा गिऱ्हाईक हैदराबादचा, ६० दिवसांनी पैसे देतो. फरक तीनच टक्क्यांचा दिसतो आणि दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटची कटकट जाते. सीसी बंद करून सगळं यावर आणावं का?

सूतव्यापारी
अजिबात नको. सीसीपेक्षा स्वस्त पैसा बाजारात नाही. रोजच्या बाकीवर व्याज लागतं. सकाळी चेक जमा झाला की संध्याकाळपासून व्याज कमी. डिस्काउंटिंगवाले ६० दिवसांचं व्याज आधीच कापून घेतात. पार्टीने ४० दिवसांत पैसे दिले तरी उरलेल्या २० दिवसांचं परत मिळेलच असं नाही, करारात बघावं लागतं. ११ म्हणजे ११, १४ म्हणजे १४. यात विचार कसला करायचा?

वहीखाते_ताई
सूतव्यापारी, रोजच्या बाकीचं तुमचं बरोबर आहे, पण ११ म्हणजे ११ नाही आणि १४ म्हणजे १४ पण नाही. मी तीन कारखान्यांचे हिशेब बघते, म्हणून कागदावर मांडूनच सांगते.

१० लाखांचं एक बिल धरा. उचल साडेआठ लाख. त्यावर १४ टक्क्यांनी ६० दिवसांचं व्याज १९,५६२ रुपये. फी १० लाखांवर अर्धा टक्का म्हणजे ५,००० रुपये. ही फी उचलीवर नसून पूर्ण बिलावर आहे, हे आधी बघा. फीवर जीएसटी ९०० रुपये, पण तुम्ही टॉवेलवर जीएसटी भरता, त्यात तो वळता होईल, म्हणून सोडून देते. एकूण खर्च २४,५६२ आणि हातात आले ८,२५,४३८. एक्सेलमध्ये असं टाका:

```
=(24562/825438)*(365/60)
```

उत्तर १८.१ टक्के येतं. १४ चे १८ झाले, आणि त्यातला मोठा वाटा फीचा. फी प्रत्येक बिलाला लागते, वर्षाला एकदाच नाही. ६० दिवसांची बिलं फिरवली तर वर्षात सहा वेळा लागते. हेच बिल ३० दिवसांचं असतं तर साडेएकवीस टक्के पडलं असतं, ९० दिवसांचं असतं तर १७ टक्के. म्हणजे जितक्या लवकर पैसे येणार, तितकी ही फी महाग. एजंट ही गोष्ट सांगत नाही, आणि आपण विचारतही नाही.

आता सीसी. तुमची वर्षाची फी किती आणि सरासरी वापर किती, हे सांगितल्याशिवाय सीसीचा खरा दर काढता येत नाही.

टॉवेल_अक्कलकोटरोड
ताई, गेल्या वर्षीच्या स्टेटमेंटवरून काढलं. रिन्युअल २०,०००, तपासणी ६,०००, कागदपत्रं आणि स्टॅम्प ४,०००, स्टॉकचा विमा १५,०००. मिळून ४५,०००. वापर एकसारखा नाही. चार महिने ३८ लाखांपर्यंत जातो, बाकीचे आठ महिने पाच-सहा लाखांवर असतो.

वहीखाते_ताई
मग सरासरी वापर साधारण १६ लाख ६७ हजार. त्यावर ४५,००० म्हणजे २.७ टक्के. ११ मध्ये मिळवा, १३.७ टक्के. तुमच्यासारख्या वापरात सीसी अजून स्वस्तच आहे, पण फरक तीनाचा नसून साडेचारच्या जवळपासचा.

उलटंही सांगते. लिमिट ४० लाखांचं आणि सरासरी वापर ६ लाख ३४ हजारांपेक्षा कमी असेल, तर हीच सीसी १८.१ च्या वर जाते. फी लिमिटवर बसते, वापरावर नाही. माझ्या ओळखीत एकजण प्रतिष्ठेपायी मोठं लिमिट घेऊन बसलेत. त्यांना सीसी डिस्काउंटिंगपेक्षा महाग पडते आणि ते मान्य करायला तयार नाहीत.

चिंचोळी_गारमेंट
ताई, विम्याचे १५,००० सीसीच्या खर्चात कशाला? गोडाऊनमध्ये सुताच्या पेट्या आणि गठ्ठे असताना बँक नसती तरी विमा काढावाच लागतो. ते काढले तर ३०,००० उरतात, म्हणजे १.८ टक्के, आणि सीसी १२.८ वर येते.

वहीखाते_ताई
मुद्दा रास्त आहे. सीसी नसताना जितक्या रकमेचा विमा काढला असता तेवढा बाजूला ठेवा, आणि बँकेच्या अटीमुळे वाढवून काढला असेल तो वाढीव हप्ता तेवढा सीसीवर घाला. किती वाढीव, ते ज्याचं त्याला माहीत.

हातमाग_ते_पॉवरलूम
मी दोन वर्षांपूर्वी हे करून बसलोय, म्हणून पोटतिडकीने लिहितो. तुमचा करार विथ रिकोर्स आहे का, म्हणजे पार्टीने पैसे दिले नाहीत तर ते तुमच्याकडून वसूल होणार का, हे पहिलं बघा. माझा होता. पार्टीने टॉवेलचं जीएसएम कमी भरलं म्हणून २२,००० कापून डेबिट नोट पाठवली, आणि उरलेली रक्कम मुदतीनंतर ३८ दिवसांनी दिली. कंपनीने ६१ व्या दिवशी पूर्ण उचल वळती करायला माझ्याच खात्यावर नॅच, म्हणजे आपोआप कपात, लावली. खात्यात तेवढे नव्हते, नॅच परत गेला. त्याचा दंड, वर महिना दोन टक्के उशीर आकार. त्या आठवड्यात विणकरांचा पगार शेजाऱ्याकडून हातउसने घेऊन केला. ताई, तुमचा १८.१ हा पार्टीने वेळेवर पैसे दिले तरचा आकडा आहे. सोलापुरात कोणती पार्टी दरवेळी साठाव्या दिवशी पैसे देते, सांगा मला.

सूतव्यापारी
हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

चिंचोळी_गारमेंट
थांबा, सगळं डिस्काउंटिंग एकाच मापाने मोजू नका. ट्रेड्स या बिलांच्या ऑनलाइन बाजारावर बिल टाकलं तर विक्रेत्यावर रिकोर्स नसतो. खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका आणि एनबीएफसी त्यावर बोली लावतात, आणि दर ठरतो तो खरेदीदाराच्या पतीवर, आपल्या नाही. मी युनिफॉर्मचा माल एका मोठ्या कंपनीला देतो, त्या बिलांचा दर माझ्या सीसीपेक्षा कमी लागलाय. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक आहे. हैदराबादची पार्टी तेवढी मोठी असेल तर त्यांना विचारा.

टॉवेल_अक्कलकोटरोड
पार्टी तेवढी मोठी नाही. हॉटेलांना माल पुरवणारा होलसेलर आहे.

कायदा_माहीत_आहे
मला एक कळत नाही, ६० दिवस थांबायचंच कशाला? सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. उशीर केला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज मिळतं. ते वसूल करा, कर्जाची गरजच नाही.

टॉवेल_अक्कलकोटरोड
कायदा बरोबर आहे ओ. पण एका पार्टीवर माझे निम्मे माग चालतात. व्याजाची नोटीस दिली तर पुढची ऑर्डर पेठेतल्या दुसऱ्याकडे जाते. मला आत्ता पैसे कुठून स्वस्त पडतात तेवढं ठरवायचंय.

निवृत्त_क्रेडिट
मी बँकेत कर्ज विभागात २६ वर्षं होतो. वरचे हिशेब चांगले आहेत, पण एक गोष्ट कुणी धरली नाही आणि तीच सगळ्यात महाग पडते.

सीसीतून प्रत्यक्षात किती उचलता येईल ती मर्यादा म्हणजे ड्रॉइंग पॉवर, आणि ती येते स्टॉक आणि येणी यांतून. येण्यांवर साधारण ४० टक्के मार्जिन धरू, तुमच्या मंजुरीपत्रात वेगळं असेल तर ते घ्या. हे १० लाखांचं बिल आज तुमच्या स्टेटमेंटमध्ये आहे, तेव्हा त्यातून ६ लाखांची ड्रॉइंग पॉवर मिळालेलीच आहे. ते डिस्काउंट केलं की पुढच्या स्टेटमेंटमधून काढावं लागतं आणि ते ६ लाख जातात. म्हणजे ८ लाख २५ हजार हातात आले तरी नवा पैसा सव्वादोन लाखच.

आता खर्च मांडा. डिस्काउंटिंगला २४,५६२. सीसीत ६ लाख कमी झाले, म्हणून ६० दिवसांचं व्याज १०,८४९ वाचलं. निव्वळ जादा खर्च १३,७१३, आणि तो २,२५,४३८ रुपयांसाठी. ताईंच्याच पद्धतीने वर्षाला ३७ टक्के होतात.

वहीखाते_ताई
साहेब, हे मी धरलंच नव्हतं. पण ३७ प्रत्येकाला लागू होईल का? स्टॉक आणि येणी मिळून ड्रॉइंग पॉवर ५२ लाख निघत असेल आणि लिमिट ४० लाखांचंच असेल, तर ६ लाख गेले तरी काही फरक पडत नाही.

निवृत्त_क्रेडिट
बरोबर. तेव्हा तुमचा १८.१ च खरा. म्हणूनच त्यांना सांगतो, गर्दीच्या चार महिन्यांतली स्टेटमेंटं काढा आणि ड्रॉइंग पॉवरचा रकाना बघा. लिमिटपेक्षा बरीच जास्त असेल तर त्या महिन्यांपुरती एक-दोन बिलं डिस्काउंट करायला हरकत नाही. लिमिटला टेकून असेल तर हात लावू नका. आणि वर्षाच्या बाकी आठ महिन्यांत तुमचं लिमिट रिकामं पडलेलं असतं. त्याची फी आधीच भरलीय, पुढचा प्रत्येक रुपया तुम्हाला ११ नेच मिळतो. तिथे १८ चा पैसा आणण्यात अर्थ नाही.

आणखी एक. येणी बँकेकडे तारण आहेत, त्यामुळे आधी बँकेची एनओसी लागते. तेच बिल डिस्काउंटही केलं आणि स्टॉक स्टेटमेंटमध्येही ठेवलं, असं करणारे मी पाहिलेत. पैसे दुसऱ्या खात्यात जमा व्हायला लागले की सीसीतली उलाढाल घटते आणि रिन्युअलला पहिला प्रश्न त्यावरच येतो.

हातमाग_ते_पॉवरलूम
साहेब, सीसीला घर गहाण आहे त्याचं काय? माझं वडिलोपार्जित घर बँकेकडे आहे. ते तुमच्या ११ टक्क्यांत कुठे धरलंय? भावाला वाटणी हवीय आणि कागद बँकेत अडकलेत.

निवृत्त_क्रेडिट
ते टक्क्यांत मांडायची रीत माझ्याकडे नाही. तारणाशिवाय गॅरंटी योजनेतून सीसी मिळते, तिथे दरवर्षी गॅरंटी फी लागते. ती फी आणि आत्ताचा खर्च यातला फरक म्हणजे घर मोकळं ठेवायची किंमत, असं फार तर म्हणता येईल. पण तुमच्यासारख्याला ते घर त्याहून मोलाचं असेल.

सूतव्यापारी
घर सोडवायला ११ ऐवजी डिस्काउंटिंगचे १८, म्हणजे सात टक्के जादा द्यायचे? मला नाही पटत.

हातमाग_ते_पॉवरलूम
तुमचं घर गहाण नाही म्हणून.

टॉवेल_अक्कलकोटरोड
गर्दीच्या महिन्यांची स्टेटमेंटं आत्ता काढली. दोन महिन्यांत ड्रॉइंग पॉवर ४७ लाखांच्या वर आहे, पण दोन महिन्यांत ४० लाख ८० हजार आणि ४१ लाख. सीसी बंद करत नाही. पहिल्या दोन महिन्यांपुरतं एक बिल डिस्काउंट करायचं का, ते एनओसीसाठी मॅनेजरना भेटल्यावर ठरवतो. करारात रिकोर्स आहे का ते एजंटला विचारलं, "तसं काही नसतं हो" म्हणाला. लेखी मागितलंय.