मध्ययुगातली ऊब, गोठलेली थेम्स आणि आजचा उकाडा

करवीरकर: हजार वर्षांपूर्वी व्हायकिंग ग्रीनलंडमध्ये गुरं पाळत होते. पुढे थंडी पडली आणि थेम्स नदीवर जत्रा भरू लागल्या. तेव्हा कुठे होत्या मोटारी? पृथ्वी आपोआप तापते आणि निवते. मग आत्ताच्या उकाड्याचं खापर आपल्या माथी का?

हिमरेषा: हा मुद्दा दर उन्हाळ्यात कुणीतरी मांडतं, म्हणून आज सविस्तर लिहिते. ग्रीनलंडची वस्ती खरी. इ.स. 985च्या सुमारास एरिक द रेड तिथे गेला, आणि वस्तीची शेवटची लेखी नोंद 1408 सालच्या एका लग्नाची आहे. पण उत्तर अटलांटिकचा तो कोपरा उबदार होता म्हणजे सगळी पृथ्वी उबदार होती असं नाही. झाडांची वलयं, प्रवाळ, बर्फाचे गाभे असं सगळं एकत्र लावून 2019 साली जो ताळा मांडला, त्यात मध्ययुगातली ऊब जागोजागी वेगवेगळ्या शतकांत सापडली. थंडीचंही तसंच. पूर्व पॅसिफिकमध्ये ती पंधराव्या शतकात सर्वाधिक होती, वायव्य युरोपात सतराव्या. गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वात उष्ण काळ पृथ्वीच्या 98 टक्क्यांहून जास्त भागात एकाच वेळी आला, तो विसाव्या शतकात.

ठाणेकर: म्हणजे हे सगळं युरोपचंच प्रकरण. आपल्याकडे काही झालंच नाही. विषय संपला.

हिमरेषा: ठाणेकर, असं नका म्हणू. छत्तीसगडच्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या थरांवरून चौदाव्या शतकात पावसाने वरचेवर दगा दिल्याचं दिसतं. दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच शतकाच्या अखेरीस सुरू झाला. बदल आपल्याकडेही झाले, फक्त युरोपच्या तालावर नाही.

बागाईतदार: दुष्काळाचं निघालंच आहे तर सांगतो. माझी द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात अवकाळीने झोडपली. पंचनाम्याला माणूस आला तोवर घड कुजले होते. तुम्ही हजार वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात? भरपाईचं बोला!

करवीरकर: दादा, दुःख कळतं, पण धागा वेगळा आहे. हिमरेषाताई, थेम्सचं काय? ती तर डोळ्यांनी दिसणारी गोष्ट. बर्फावर छापखाने लावल्याची चित्रं आहेत.

लंडननिवासी: मी या नदीच्या काठानेच रोज कामाला जातो, म्हणून बोलतो. शेवटची जत्रा 1814 सालची. इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी 1659पासून आहेत, त्या उघडून बघा. त्या हिवाळ्याची सरासरी शून्याच्या जराशी वर होती. 1962-63चा हिवाळा त्याहून गार, सरासरी शून्याखाली. तरी तेव्हा लंडनमध्ये जत्रा भरली नाही. नदी गोठली ती वरच्या अंगाला.

ठाणेकर: असं कसं?

लंडननिवासी: जुन्या लंडन ब्रिजला एकोणीस अरुंद कमानी होत्या आणि पायांभोवती रुंद चौथरे. पाणी धरणासारखं तुंबायचं, वरून आलेले बर्फाचे तुकडे कमानींत अडकायचे आणि मागची नदी धरायची. 1831 साली नवा पाच कमानींचा पूल झाला आणि जुना पाडला. पुढे काठ बांधून काढले, पात्र आवळलं, प्रवाह वाढला. भरतीचं पाणीही आता जोरात आत येतं.

करवीरकर: म्हणजे छोटं हिमयुग थोतांड?

लंडननिवासी: असं मी कुठे म्हटलं? 1683-84चा हिवाळा त्या नोंदींतला सर्वात थंड आहे. थंडी होतीच. पण जत्रा थांबल्या म्हणून पृथ्वी किती तापली, हे मोजता येत नाही. आमच्या एका साहेबांशी यावरून माझं कडाक्याचं वाजलं होतं. ते जत्रेचं चित्र भिंतीवर लावून वाद घालायचे.

करवीरकर: बरं, पूल तुमचा. पण कारण? ज्वालामुखी, सूर्य, हे निसर्गच ना?

हिमरेषा: तेव्हा होतंच. 1257 साली इंडोनेशियात सामालास फुटला, पुढेही मोठे उद्रेक झाले, सूर्यही मंदावला. आता मात्र 1980पासून सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही. सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा निवतोय. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात 280 होता, आज 420च्या वर आहे. आणि तुमच्याच मुद्द्याची दुसरी बाजू बघा. एवढ्याशा धक्क्यांनी शतकंच्या शतकं हवामान हललं असेल, तर हवामान हळवं आहे. मग आजच्या धक्क्याने ते जास्तच हलेल.

करवीरकर: कारणाचं मान्य करतो, नाइलाजाने. पण त्या जुन्या वलयांतून अर्ध्या अंशाचा फरक खात्रीने कळतो, हे मला अजून पटलेलं नाही.

हिमरेषा: एकेका दशकाबद्दल तुमची शंका रास्त आहे. वलयं बहुतेक उन्हाळ्याचं बोलतात, हिवाळ्याचं नाही, आणि दक्षिण गोलार्धात नमुने कमी आहेत.

बागाईतदार: आणि पंचनाम्याचं कुणी बोलणार आहे का?