मदत हवी आहे: कॉन्टॅक्ट लेन्सच्या फॉइलवरचा लॉट नंबर फोटोत नीट वाचता येत नाहीये

मुग्धा_र: बहिणीने रत्नागिरीहून फोटो पाठवलेत. एका पाकिटातली लेन्स फाटकी निघाली. दुकानदार म्हणतो, लॉट नंबर द्या, मगच बदलून देतो. मला B0418 दिसतंय, तिला 80418. सोल्युशनच्या बाटलीचं सील शाबूत आहे का तेही बघा. लवकर सांगा, दुकान बंद व्हायच्या आत हवंय.

आबा_सातारकर: खोका कुठाय? त्याच्या कडेवर लॉट स्पष्ट छापलेला असतो की.

मुग्धा_र: खोका कचऱ्यात गेला.

पिंटूशेठ: मी लेसर करून घेतलं, चष्मा-लेन्स सगळी कटकट गेली.

नेत्रतपासनीस: फोटोत फ्लॅशची चकाकी नेमकी आकड्यांवर आलीये. फ्लॅश बंद करा, फॉइल खिडकीशी धरा, उजेड बाजूने येऊ द्या. फोन लांब ठेवून झूम करा.
आता B की 8. त्याच फॉइलवर वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारी 2028-06 आहे, म्हणजे एक्सपायरी. तिथला 8 नक्की आकडाच. त्याच्या शेजारी तुमचं संशयित अक्षर ठेवून बघा. 8 ची डावी बाजू कमरेपाशी आत जाते, B ची सरळ खाली येते. खोक्यातली बाकीची पाकिटं असतील तर त्यांचेही फोटो टाका. लॉट सहसा एकच असतो, एकावर शाई पुसट असली तरी दुसऱ्यावर उठलेली सापडते.

आबा_सातारकर: लॉटमधल्या 04 वरून महिना कळतो. एप्रिलचा माल.

नेत्रतपासनीस: आबा, काही कंपन्या तसं लिहितात, सगळ्या नाही. उत्पादनाची तारीख कारखान्याच्या चिन्हाशेजारी असते. ते चिन्ह नसेल तर लॉटवरून अंदाज बांधू नका.

सई_पुणे: पॉवरही बघून घ्या. चकाकीत उणे चिन्ह आधी गायब होतं. मला एकदा -2.75 चं +2.75 वाटलं होतं.

मुग्धा_र: उजेडात काढला. डावी बाजू सरळ आहे, B च. पॉवरचं उणेही दिसतंय. बाटलीचं?

नेत्रतपासनीस: तुमचा फोटो वरून काढलाय, त्यात झाकणच दिसतंय. मानेच्या समोरून हवा. झाकण आणि खालची रिंग यांना जोडणारे बारीक दुवे अखंड हवेत. ते तुटले असतील तर बाटली आधी उघडलेली आहे, वापरू नका. तिने स्वतः उघडली का?

आबा_सातारकर: 2006 मध्ये रेन्यू मॉइश्चरलॉक हे लेन्सचं सोल्युशन बुरशीच्या संसर्गावरून मागे घेतलं होतं. म्हणून लॉट बघायचा!

सई_पुणे: आबा, तेव्हा सगळं उत्पादनच मागे घेतलं होतं, एखादा लॉट नाही.

मुग्धा_र: बहीण म्हणते, वरचं प्लास्टिक तिने काढलं, रिंगचं आठवत नाही. तिला परत फोन करते.