काश्मीर पॅकेज: खर्च त्या-त्या दिवसाखालीच लिहा

"साइटसीइंग समाविष्ट आहे, मग पहलगामला वेगळे पैसे कशाचे?" हा प्रश्न पॅकेज घेणाऱ्याला पडतो.

श्रीनगरहून आलेली गाडी पहलगामपर्यंतच चालते. पुढे आरू, बेताब व्हॅली, चंदनवाडीला स्थानिक युनियनचीच टॅक्सी करावी लागते. हे टूर कंपनीने पॅकेजच्या कागदाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकण्यापेक्षा त्याच दिवसाखाली लिहावं: 'सकाळी ८ ला निघणे, अंदाजे ९० किमी, थांबे धरून अर्धा दिवस प्रवासात. दुपारचं जेवण स्वखर्चाने. युनियन टॅक्सी समाविष्ट नाही, भाडं गाडीमागे.' आजी-आजोबा सोबत असतील तर त्या दुपारी तिन्ही ठिकाणं कोंबू नयेत, एक पुरे.

आणखी एक मुद्दा. टॅक्सी गाडीमागे, गुलमर्गचा गोंडोला म्हणजे केबल कार मात्र माणशी, तोही दोन टप्प्यांची दोन तिकिटं. त्यामुळे 'माणशी इतके' या आकड्यावरून घरचा खर्च कळतच नाही. चौघांच्या कुटुंबाची एकच बेरीज द्यावी: पॅकेज, जीएसटी, टॅक्सी एकदा, गोंडोला चारदा, रोजचं दुपारचं जेवण. विमानभाडं धरलंय की नाही, तेही त्याच बेरजेशेजारी हवं. आमच्याकडे आलेल्या कागदावर ते कुठेच नव्हतं, फोन करून विचारावं लागलं.