एच-१बी: मेहेरबानी की लेखी कबुली? (जुना धागा भरकटला म्हणून नवीन)

मूळ पोस्ट (परखड_पुणेकर): अमेरिकेने एच-१बी या कुशल कामगारांच्या व्हिसावर एक लाख डॉलरची फी लावली म्हणून एवढी रडारड कशाला? कुणाला आत घ्यायचं हा ज्या त्या देशाचा हक्क. डब्ल्यूटीओचा इथे काडीचा संबंध नाही. सेवा द्यायला माणूस परदेशी गेला की त्याला उगाच 'मोड ४, मोड ४' म्हणून लोकांना फसवू नका.

शेड्यूल_वाचलेला: तिकडे दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण 'काडीचा' वाचून राहवलं नाही.

व्हिसा मागण्याचा हक्क अमेरिकेला आहेच, गॅट्स या डब्ल्यूटीओच्या सेवा-व्यापार कराराच्या परिशिष्टातही त्याला धक्का लावलेला नाही. पण ज्या उरुग्वे फेरीच्या वाटाघाटींत हा करार झाला, तिथे त्यांनी स्वतःच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे बाजार किती खुला ठेवू त्या वचनांच्या यादीत, काय लिहून दिलंय? विशेष कौशल्याच्या व्यवसायांत वर्षाला ६५,००० माणसं, सगळ्या जगाची मिळून, तीन वर्षांच्या मुक्कामासाठी. त्याच ओळीत फॅशन मॉडेलही आहेत, हसू नका. हा आकडा त्यांनी स्वतःच्याच १९९० च्या कायद्यातून उचलला होता. त्यानंतर काँग्रेसने मर्यादा वाढवून १,१५,००० केली, मग १,९५,००० केली, आणि २००४ ला परत ६५,००० वर आणली. वर जे चढलं ते देशांतर्गत राजकारण, ते उतरवायला कुणाची परवानगी लागत नाही. ६५,००० च्या खाली जायचं तर कलम २१ ची नोटीस द्या, ज्यांचं नुकसान होतंय त्यांच्याशी भरपाईची बोलणी करा. मेहेरबानीला अशी कलमं नसतात.

२०१६ मध्ये भारताने डब्ल्यूटीओत तक्रार केली ती नुसती 'आमची पोरं घ्या' अशी नव्हती. पन्नास किंवा जास्त कर्मचारी आणि त्यातले निम्म्याहून जास्त एच-१बी किंवा कंपनीतल्या बदलीच्या एल-१ व्हिसावर, अशा कंपन्यांवर २०१० मध्ये एच-१बीमागे २,००० डॉलरची जादा फी लागली. डिसेंबर २०१५ मध्ये ती ४,००० झाली. कायद्यात कुठल्या देशाचं नाव नाही, पण ही अट कुणाच्या मापाने शिवली ते हिंजवडीत कुणालाही विचारा. शिवाय ६५,००० मधलेच ६,८०० अमेरिकेने मुक्त व्यापार करारांपायी चिली आणि सिंगापूरसाठी बाजूला काढले. तेही तक्रारीत होतं.

परखड_पुणेकर: वा, भाषण झालं. पुढे काय झालं ते शिताफीने गाळलंत. सल्लामसलतीपुढे गाडी गेलीच नाही, पॅनेलसुद्धा नेमलं नाही. आणि मीही ते शेड्यूल उघडून पाहिलंय. संगणक सेवांपुढे सेवा देण्याच्या बाकी तीन वाटांना, मोड १, २, ३ ला, सरळ 'नन' लिहिलंय. काहीच दिलेलं नाही, आणि तुम्ही कबुली कबुली करताय!

शेड्यूल_वाचलेला: अहो, उलटं वाचलंत. त्या रकान्यात मर्यादा लिहितात. 'नन' म्हणजे मर्यादा नाही, सगळं खुलं. काहीच द्यायचं नसेल तिथे 'अनबाउंड' येतं, आणि मोड ४ पुढे तेच आहे: वर सामायिक भागात दिलंय तेवढं सोडून अनबाउंड. ते ६५,००० सामायिक भागातच आहेत, म्हणून तुम्हाला संगणकाच्या पानावर दिसले नाहीत.

आणि 'नन' काय करू शकतं ते अँटिग्वाला विचारा. अमेरिकेने 'क्रीडा वगळून इतर मनोरंजन सेवा' या ओळीत मोड १ ला, म्हणजे सीमेपलीकडून पुरवलेल्या सेवेला, 'नन' लिहिलं. मग ऑनलाइन जुगार बंद केला आणि म्हणाली, जुगार आमच्या मनातच नव्हता. २००५ मध्ये डब्ल्यूटीओच्या अपील मंडळाने सांगितलं, मनात काय होतं ते राहू द्या, क्रीडा वगळली तशी जुगार वगळला असता. पूर्ण बंदी म्हणजे शून्याचा कोटा, आणि कोटा लावणार नाही हे तुम्हीच लिहून दिलंय. नैतिकतेचा बचाव बराचसा टिकला, पण घोड्यांच्या शर्यतींवर देशातल्यांना सूट दिसते म्हणून अडकला.

परखड_पुणेकर: बरं, 'नन'चं मान्य. मिळालं काय अँटिग्वाला?

शेड्यूल_वाचलेला: वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत अमेरिकेची बौद्धिक संपदा मोडायची मुभा. आकडा लवादाने २००७ मध्ये ठरवला, रीतसर मुभा २०१३ मध्ये मिळाली.

परखड_पुणेकर: म्हणजे कागद. हेच तर म्हणतोय मी.

सई_नागपूर: मध्येच बोलते, माफ करा. माझा मुलगा न्यू जर्सीत बँकेत आहे, एच-१बीवरच. बँक अमेरिकन, पगार तिथलाच. तोही मोड ४ मध्ये मोजतात का? दरवर्षी लॉटरीच्या दिवसांत घरात कुणी जेवत नव्हतं, आता ही फी.

शेड्यूल_वाचलेला: सईताई, खरी मेख इथेच आहे. पुण्याच्या कंपनीने आपला माणूस ग्राहकाच्या कामावर तिकडे धाडला, तर मोड ४ वर वाद नाही. पण अमेरिकन बँकेने थेट नोकरीला ठेवला, तर सेवा पुरवतंय कोण? नोकरीच्या बाजारात शिरकाव या करारात येत नाही असं परिशिष्ट म्हणतं. दुसरीकडे अमेरिकेने ज्या व्हिसाचं कलम लिहून दिलंय त्यात दोघंही बसतात. जाणकारांत अजून एकमत नाही. (तो आधीपासून तिथेच असेल तर ही फी बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर आहे. तरी वकिलाला विचारा.)

कोडकरी_हिंजवडी: वकिलावरून आठवलं! आपण जगाकडे मोड ४ मागतो, आणि स्वतः काय दिलं? आपल्या शेड्यूलमध्ये विधी सेवांची ओळच नाही. माझ्या आधीच्या कंपनीत परदेशी ग्राहकाशी करार करायचा होता. इंग्लिश कायद्यावर सल्ला लंडनहून फोनवर, भारतीय कायद्यावर मुंबईहून, आणि बिलं दोन्हीकडून. इथे एकाच छताखाली बसले असते तर?

वांद्र्याची_वकीण: एकाच छताखाली बसायला सांगणं सोपं आहे. आम्हाला जाहिरात करायला बंदी, बार कौन्सिलच्या नियमाने. जगभर कार्यालयं आणि मार्केटिंगची फौज असलेल्या फर्मशी आम्ही हात बांधून लढायचं? आणि 'दार बंद' हे अर्धसत्य आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने येऊन सल्ला देऊन परत जायला मुभा दिली, पण नेहमीची प्रॅक्टिस नाही. २०२३ च्या नियमांनी तर परदेशी कायद्यापुरती, कोर्टाबाहेरच्या कामाची नोंदणी खुली केली, ते देश आम्हाला घेत असतील तर.

कोडकरी_हिंजवडी: नियम बार कौन्सिलचे. उद्या बदलले तर? लिहून कुठे दिलंय?

वांद्र्याची_वकीण: आणि तुमच्या संगणक सेवा? शेड्यूलमध्ये परदेशी भांडवलाला ५१ टक्क्यांची मर्यादा लिहून ठेवलीये, प्रत्यक्षात कधीचे १०० टक्के चालतात. तुमच्या क्षेत्रात हात राखून ठेवला की धोरण, आमच्यात ठेवला की मक्तेदारी?

कोडकरी_हिंजवडी: मॅडम, चिडू नका.

वांद्र्याची_वकीण: 'चिडू नका' हे पुरुष वकिलाला म्हणाला असतात का?

शेड्यूल_वाचलेला: धागा कोर्टात जायच्या आत: वकीणबाईंचा मुद्दा बरोबर आहे. प्रत्यक्षात जास्त खुलं ठेवून कागदावर कमी लिहिणं हे सगळेच करतात. वाटाघाटीत द्यायला काहीतरी शिल्लक लागतं.

परखड_पुणेकर: मग एक लाख डॉलरचं बोला. आकडा ६५,००० च आहे, एकही कमी केलेला नाही. बाजारप्रवेशाच्या कलमात कोटे, संख्या, आर्थिक गरजेच्या चाचण्या आहेत. फी कुठे आहे?

शेड्यूल_वाचलेला: नाही. हे तुमचं बरोबर, नाइलाजाने म्हणतो. फी हा कोटा नाही, म्हणून मुकदमा राष्ट्रीय वागणुकीच्या, म्हणजे परक्याला देशातल्यासारखंच वागवण्याच्या, किंवा देशांतर्गत नियमनाच्या अंगाने लढवावा लागेल. तो सोपा नाही. जिंकलो तरी अमेरिका अपील करेल, आणि अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे.

परखड_पुणेकर: म्हणजे संबंध काडीचा नाही, दोन काड्यांचा आहे.

कोडकरी_हिंजवडी: आपण मोड ४ वर भांडतोय आणि माझी सगळी टीम मोड १ वर पोट भरते. व्हिसा महागला म्हणून काम इकडे आलं तर माझी तक्रार नाही.

सई_नागपूर: तुमची नसेल.

वांद्र्याची_वकीण: ब्रिटनच्या करारात स्वयंपाकी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतवाले मिळून वर्षाला १,८०० जागा लिहून घेतल्यात. तो करार कुणी वाचला असेल तर वेगळा धागा काढा. वकिलांना त्यात काय मिळालं ते मी तिथे सांगते.