शिक्क्याखालचा मजकूर

>> शाळा सोडल्याच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करतेय, जन्मतारखेवर जांभळा गोल शिक्का आलाय, साल १९८१ आहे की १९८९ कळत नाही. काय करू?

आधी क्लायंटकडून कलर स्कॅन मागवा, किमान ३०० डीपीआय, व्हॉट्सॅपवरचा फोटो नको. मग GIMP मधे Colors > Components > Decompose, RGB निवडा आणि निळा चॅनल बघा. जांभळी-निळी शाई त्यात फिकट होते आणि काळी अक्षरं काळीच राहतात, लाल शिक्का असेल तर लाल चॅनल. पण दाखला निळ्या पेनाने भरलेला असेल तर अक्षरंही शिक्क्यासोबत पुसट होतात, तिथे हा उपाय संपला.

देवनागरी १ आणि ९ तर बदनाम जोडी, शिक्क्याची कड नेमकी गाठीवरून गेली की अर्धा तास डोळे फोडून पण काही कळत नाही (मी फोडलेत). पण दाखल्यावर जन्मतारीख अक्षरी पण लिहिलेली असते ना, तिथे 'एक्याऐंशी' की 'एकोणनव्वद' ते बघा, दोन्ही शब्द इतके वेगळे की अर्धा दिसला तरी पुरतो. साल त्यावरून घेतलं तर तशी टीप टाका.

तेही झाकलं असेल तर आधारवरून साल उचलू नका प्लीज, आपण भाषांतर कागदाचं करतोय, माणसाचं नाही. दिसतंय तेवढं १९८ लिहायचं आणि पुढे चौकटी कंसात 'शेवटचा अंक शिक्क्यामुळे अवाचनीय' असं इंग्रजीत. आणि शिक्क्यातला मजकूर पण भाषांतरात घ्या, तो बरेच जण विसरतात.