शब्दशोध: उरलेल्या घरांत 'काहीही' भरून कसं चालेल?

मूळ पोस्ट: "वर्गासाठी शब्दशोध करणं अगदी सोपं आहे. दहा बाय दहाची चौकट आखा, आठही दिशांनी शब्द टाका, उरलेल्या घरांत क ते ज्ञ काहीही भरा. झालं काम."

अक्षरपेरणी: याच 'काहीही'मुळे निम्मे शब्दशोध वाया जातात! फुलपाखरू, नाकतोडा, मधमाशी, ढेकूण असे शब्द घेतलेत. एका घरात एक पूर्ण अक्षर, म्हणजे फु-ल-पा-ख-रू पाच घरं. उरलेल्या घरांत नुसते क, ग, ट, ब भरलेत की काना-मात्रा फक्त शब्दांच्याच घरांत उरतात. मुलं वाचतच नाहीत, मात्रा दिसली की तिथे बोट ठेवतात. कागद हातभर लांब धरून बघा, शब्द उठून दिसतील. भरणा त्याच शब्दांमधल्या अक्षरांचा करा. फु आणखी दोन-तीन ठिकाणी टाका, एका फु-ल-पा पुढे ख ऐवजी मा ठेवा. मग मूल शेवटपर्यंत वाचतं.

बाराखडीप्रेमी: मग अख्खी बाराखडी घ्या, चिठ्ठ्या टाकून भरा. मात्रांचा प्रश्न मिटला.

अक्षरपेरणी: अर्धाच मिटला. झै, ठौ, ङे कुठल्या शब्दात येतात? मुलं ती घरं न वाचताच सोडतात.

कोडेवाला_काका: सूत्रं कुठे लिहायची, आडवी वेगळी आणि उभी वेगळी?

बाराखडीप्रेमी: काका, ते शब्दकोडं. इथे शब्दांची यादी खाली दिलेली असते.

हिशेबी: त्याच अक्षरांनी भरलंत तर एकच शब्द दोनदा तयार होतो, हे कुणी बोलतच नाही! दहा बाय दहात लागून असलेल्या दोन घरांच्या जोड्या आठही दिशांनी 684 होतात. वीस अक्षरं सारख्या प्रमाणात असतील, तर 'टोळ' सरासरी एक-दोनदा आपोआप उमटणार. मग मुलाचं उत्तर बरोबर असून तुम्ही फुली मारणार.

अक्षरपेरणी: बरं, दोन घरांचे शब्द टाकू नका, मान्य. तीन घरांच्या शब्दांना तो धोका फार कमी आहे. पण भरण्याचा मुद्दा मी सोडत नाही.

पहिलीची_आई: भरणा राहू द्या, उलटे शब्द आधी बंद करा. माझी लेक नुकती वाचायला लागली होती. असले कागद सोडवता सोडवता 'रस'ला 'सर' म्हणायला लागली.

वर्गशिक्षक: ताई, त्या वयात बरीच मुलं असं वाचतात. खापर कोड्यावर फोडू नका.

पहिलीची_आई: घरी रडत बसते ती, तुमच्या वर्गात नाही!

वर्गशिक्षक: पहिली-दुसरीला मीही फक्त डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली देतो. पण पाचवीत तिरपे आणि उलटे शब्द नसतील तर कागद पाच मिनिटांत परत येतो.

हिशेबी: उलट्यात 'जहाज', 'नवीन' टाकू नका, दोन्हीकडून सारखेच वाचले जातात. तुमची उलटी दिशा फुकट.

अक्षरपेरणी: आणि लांब शब्द आधी, तिरपे बसवा. फुलपाखरू शेवटी ठेवलंत तर जागाच उरत नाही, मग सगळं आडवंच होतं.

पहिलीची_आई: पाचवीचं तुम्ही बघा. पहिलीच्या कागदावर उलटा शब्द दिसला तर मी तो परत पाठवणार.